कांजिण्या, गोवर की हँड फूट माउथ? आधी तापाचे दिवस मोज

प्रश्न: ताई, माझी मुलगी 3 वर्षांची आहे, वजन 13 किलो. सोमवारी संध्याकाळी ताप आला, 101 पर्यंत. मंगळवारी दिवसभर काही खाल्लं नाही, नुसती लाळ गळत होती, ताप 100 च्या आसपास. आज बुधवारी सकाळी अंघोळ घालताना बघितलं तर तोंडाभोवती, ढुंगणावर, गुडघ्यांवर फोड, काहींत पाणी पण दिसतंय. ताप आता नाहीये. सासूबाई म्हणतात गोवर, शेजारच्या काकू म्हणतात कांजिण्या, आणि प्लेग्रुपमधून मेसेज आलाय की दोन मुलांना हँड फूट माउथ झालंय. एमएमआरचा एकच डोस झालाय, कांजिण्यांची लस राहूनच गेली. घरात 7 महिन्यांचं बाळ पण आहे. फोटो तिघांना पाठवले तर तिघांनी तीन नावं सांगितली. नक्की ओळखायचं कसं?

उत्तर: अगं, फोटोवरून तीन नावं येणारच, कारण फोटोत फक्त आजची सकाळ दिसते आणि हे तिन्ही आजार कळतात ते सोमवार ते बुधवार काय झालं त्यावरून. मी मुलांची डॉक्टर आहे, रोज असे फोटो येतात, आणि मी प्रत्येक आईला आधी हेच विचारते की फोड बाजूला ठेव, मला सांग पुरळ यायच्या आधी ताप किती दिवस होता, पुरळ आलं त्या दिवशी ताप चढला की उतरला, आणि पहिला डाग अंगावर कुठे दिसला. ही तीन उत्तरं तू पत्रात जवळजवळ दिलीच आहेस म्हणून तुझं काम सोपं आहे.

सासूबाईंचं नाव आधी घेऊया, कारण तिघांत सगळ्यात जड आजार तो, आणि तुझ्या लेकीच्या बाबतीत तापाच्या हिशोबाने तोच सगळ्यात आधी बाद होतो. गोवरात पुरळ घाईने येत नाही. आधी 2 ते 4 दिवस चांगला दणदणीत ताप असतो, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त, आणि त्यासोबत नाक गळतंय, कोरडा त्रास देणारा खोकला आहे, डोळे लाल, पाणावलेले, उजेड नको वाटतो, मूल अगदी मलूल, चेहरा रडून सुजल्यासारखा. हे सगळं झाल्यावर मग कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला लाल चपटे डाग येतात, आणि ज्या दिवशी डाग येतात त्या दिवशी ताप कमी व्हायच्या ऐवजी सगळ्यात वर जातो, 104 किंवा त्याहून पण जास्त. बाकी बऱ्याच पुरळाच्या तापांत पुरळ आलं की मूल जरा मोकळं होतं, गोवरात त्या दिवशी ते सगळ्यात जास्त आजारी दिसतं. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी अर्धं काम झालं.

तिथून ते पुरळ वरून खाली उतरतं, पहिल्या दिवशी चेहरा आणि मान, दुसऱ्या दिवशी छाती, पोट, पाठ, हात, तिसऱ्या दिवसापर्यंत पाय. चेहऱ्यावर आणि छातीवर डाग एकमेकांत मिसळून मोठे लाल चट्टे होतात, पायावर मात्र सुटे सुटे राहतात. पाण्याचा फोड गोवरात नसतो. त्वचा सावळी असेल तर लाली नीट दिसत नाही, मग हात फिरवून बघायचं, बारीक खरखर लागते आणि रंग थोडा गडद वाटतो. पुरळ आल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरायला हवा, आणि पुरळही ज्या क्रमाने आलं त्याच क्रमाने, म्हणजे चेहऱ्यापासून, मावळायला लागतं, मागे तपकिरी डाग राहतात आणि कातडीचा बारीक कोंडा सुटतो. चौथ्या दिवसानंतरही ताप असला किंवा उतरून परत आला तर समजायचं की गोवराच्या मागून न्यूमोनिया नाहीतर कानात इन्फेक्शन झालंय, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

अजून एक खूण आहे जी पुरळ यायच्या आधीच दिसते आणि बहुतेक वेळा कोणी बघतच नाही. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लालसर झालेल्या कातडीवर मिठाच्या कणांसारखे पांढरट बारीक ठिपके असतात, त्यांना कॉप्लिक स्पॉट्स म्हणतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ आल्यावर दोनेक दिवसांत गायब होतात. मी नवीन डॉक्टर असताना 14 महिन्यांचं एक मूल आलं होतं, चार दिवस ताप, खोकला, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी मीच अँटिबायोटिक सुरू केलं होतं, चौथ्या दिवशी चेहऱ्यावर पुरळ उठलं तर मी लिहिलं, औषधाची अ‍ॅलर्जी. माझ्या सीनियर आल्या, काही न बोलता टॉर्च घेतला, चमच्याच्या दांड्याने बाळाचा गाल बाजूला केला आणि मला वाकून बघायला लावलं, ठिपके तिथेच होते. त्या मुलाची लस झालेली नव्हती हेही मी विचारलं नव्हतं. तोवर ते बाळ दोन दिवस वेटिंग रूममध्ये बाकी मुलांच्या शेजारी बसून गेलं होतं, आणि गोवराचा व्हायरस माणूस खोलीतून गेल्यावरही 2 तासांपर्यंत हवेत राहतो. ते मला आजही टोचतं. तेव्हापासून तापाच्या कुठल्याही मुलाचा गाल आतून बघितल्याशिवाय मी सोडत नाही.

आता तुझ्या लेकीचा हिशोब बघ. सोमवारी संध्याकाळी ताप, बुधवारी सकाळी पुरळ, म्हणजे मध्ये जेमतेम दीड दिवस. ताप 101 च्या वर गेला नाही आणि पुरळ आलं तेव्हा तो गेलेला होता. खोकला, नाक, डोळे यातलं काही तू लिहिलेलं नाहीस. फोडांत पाणी आहे. आणि एमएमआरच्या एका डोसनेही गोवरापासून जवळपास 93 टक्के संरक्षण मिळतं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर मी छातीठोक बोलले नसते, पण सगळ्या मिळून गोवर बसत नाही. दुसरा डोस मात्र ती बरी झाली की देऊन टाक, दोन डोसांनी ते संरक्षण 97 टक्क्यांच्या आसपास जातं.

(जाता जाता, दोन वर्षांच्या आतल्या बाळांत तीन-चार दिवस जोराचा ताप येतो, ताप एकदम उतरतो आणि मग अंगावर गुलाबी पुरळ येतं, मूल हसतं-खेळतं असतं. त्याला पण घरोघरी गोवर म्हणतात. तो गोवर नाही, त्याला रोझिओला म्हणतात, आणि फरक परत तोच, तिथे ताप गेल्यावर पुरळ येतं आणि गोवरात ताप शिखरावर असताना.)

मग राहिल्या कांजिण्या आणि हँड फूट माउथ, आणि खरी गफलत इथेच होते, कारण दोन्हीत पाण्याचे फोड आणि दोन्हीत ताप बेताचा. तुझ्या शेजारच्या काकू चुकल्या असतील तरी त्यांना दोष देऊ नकोस, डॉक्टरसुद्धा इथे अडखळतात.

लहान मुलांत कांजिण्या बहुतेक वेळा पुरळापासूनच सुरू होतात. ताप त्याच दिवशी किंवा फार तर एक दिवस आधी, 100 ते 102 च्या मधला, आणि बऱ्याचदा आईला आधी फोड दिसतो आणि मग अंगाला हात लावल्यावर कळतं की अंग कोमट आहे. पहिले फोड पोट, छाती, पाठ, चेहरा आणि डोक्यात. सगळ्यात दाट धडावर, हातापायांकडे जाल तसे विरळ, तळहात-तळपायावर अगदी थोडे किंवा नाहीतच. आणि खाज, एवढी खाज की मूल झोपेत पण खाजवतं.

पण कांजिण्यांची खरी ओळख एका फोडात नाही, फोडांच्या गर्दीत आहे. प्रत्येक फोड आपापल्या वेळेने चालतो, आधी लाल ठिपका, मग उंचवटा, मग लाल बुडावर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा पातळ फोड, मग आतलं पाणी गढूळ, मध्ये खड्डा, आणि मग खपली, आणि हा सगळा प्रवास दिवसभरात किंवा थोड्या जास्त वेळात पण होतो. तोवर शेजारी नवे ठिपके उठलेले असतात. असे लॉटवर लॉट 3 ते 5 दिवस येत राहतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटावरचा तळहाताएवढा भाग बघितला तर त्यात ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली तिन्ही एकत्र सापडतात. हे चित्र गोवरात कधी नसतं आणि हँड फूट माउथमध्ये सहसा नसतं. तापही नवे फोड येतायत तोवर थोडाफार राहतो आणि नवे थांबले की जातो.

हँड फूट माउथमध्ये सुरुवात तोंडापासून होते, आणि तू मंगळवारचं जे लिहिलंयस ना, खाल्लं नाही आणि लाळ गळत होती, माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. एक-दोन दिवस बेताचा ताप, घसा दुखतो, मूल आवडीची गोष्ट पण तोंडाजवळ नेऊन परत ठेवतं, कारण जिभेवर, गालाच्या आत, टाळूवर छोटे फोड येऊन फुटलेले असतात आणि त्यांच्या जागी पिवळट पांढरे उथळ व्रण, भोवती लाल कडा. गिळताना दुखतं म्हणून लाळ गिळत नाही, बाहेर गळते. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तळहात, तळपाय, ढुंगण, गुडघे, कोपरं इथे पुरळ येतं आणि तोवर ताप बहुतेक गेलेला असतो. फोड कांजिण्यांसारखे गोल टपोरे नसतात, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखे, राखाडी रंगाचे, वरची कातडी जाड, आणि तळहाता-तळपायावर ते रेषांच्या दिशेने आडवे पडलेले दिसतात. दाबलं तर दुखू शकतं, पण खाज फारशी नसते. आणि बहुतेक सगळे एकाच टप्प्यात असतात, एकदम आले, एकदम सुकले, 7 ते 10 दिवसांत संपलं.

मग तुझ्या लेकीचे फोड तोंडाभोवती आणि गुडघ्यांवर कसे, हातापायांवर का नाहीत, असं विचारशील. एक म्हणजे तळपाय तू बघितलेत का? अंघोळीच्या घाईत कोणी पाय उलटा करून बघत नाही. दुसरं म्हणजे हँड फूट माउथ एका व्हायरसने होत नाही, बरेच आहेत. जुना नेहमीचा तो कॉक्सॅकी ए16, पुस्तकातलं चित्र त्याचंच. कॉक्सॅकी ए6 नावाचा जो आहे त्याला नुसते हात-पाय पुरत नाहीत, तोंडाभोवती बाहेरून, दंडावर, मांड्यांवर, कधी धडावर पण फोड येतात, मोठे असतात, काहींवर खपली पण धरते, आणि ज्या मुलांना एक्झिमा आहे त्यांच्यात नेमके एक्झिमाच्या जागी दाटून येतात. हे बघून भले भले कांजिण्या म्हणतात. म्हणून "अंगावर फोड म्हणजे कांजिण्या, हातापायावर फोड म्हणजे हँड फूट माउथ" हे गणित मी आता एकटं वापरत नाही.

आज तू घरी काय बघायचं ते सांगते. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ तिला मांडीवर घे. आधी दोन्ही तळपाय आणि तळहात, बोटांच्या मधली जागा आणि टाचेच्या कडा पण. मग डोक्यात, केस बोटांनी भांग पाडत पाडत कानाच्या मागपासून मानेपर्यंत. हे नीट कर, कारण डोक्यातले फोड कांजिण्यांच्या बाजूने जोरात बोलतात, हँड फूट माउथ डोक्यात क्वचितच जातो. मग "आ" करायला लाव आणि मोबाइलच्या टॉर्चने जीभ, टाळू, ओठ खाली ओढून आतली बाजू बघ. कांजिण्यांतही तोंडात एखाद-दुसरा फोड येतो, पण तिथे अंगावरचे फोड आधी आणि तोंडाचं दुखणं नंतर किंवा नाहीच, तुझ्याकडे क्रम उलटा आहे.

आणि शेवटची युक्ती, जी मी फोनवर सगळ्या आयांना सांगते. पोटावरचा किंवा मांडीवरचा एक ताजा फोड निवड आणि त्याच्या बाहेरून, फोडाला न टेकवता, बॉलपेनने रुपयाएवढं वर्तुळ काढ. तसंच एक वर्तुळ जिथे आज काहीच नाही अशा पोटावरच्या जागेवर काढ. सकाळ-संध्याकाळ त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून दोन्हींचा फोटो काढ. उद्या संध्याकाळपर्यंत पहिल्या वर्तुळातला फोड गढूळ होऊन मधोमध खचला किंवा खपली धरायला लागला आणि दुसऱ्या रिकाम्या वर्तुळात किंवा आजूबाजूला नवीन ठिपके उठले, तर काकू बरोबर. पहिला फोड आहे तसाच राखाडी बसलाय आणि रिकामी जागा रिकामीच राहिली, तर प्लेग्रुपचा मेसेज बरोबर. एका फोटोपेक्षा असे चार फोटो डॉक्टरला दाखवलेस तर त्यांचंही काम सोपं होतं.

माझा अंदाज विचारशील तर हँड फूट माउथच, आणि बऱ्यापैकी खात्रीने, कारण तोंडापासून सुरुवात, दीड दिवसाचा हलका ताप, पुरळ आलं तेव्हा ताप गेलेला, ढुंगण आणि गुडघे, आणि प्लेग्रुपमधल्या दोन केसेस. या आजाराला संपर्कानंतर 3 ते 6 दिवस लागतात, म्हणजे प्लेग्रुपमधली ती मुलं गेल्या आठवड्यात तिच्यासोबत होती का एवढं विचारून घे. कांजिण्यांना बहुतेक दोन आठवडे लागतात, 10 ते 21 दिवस, त्यामुळे परवा कोणाला तरी भेटली आणि आज कांजिण्या आल्या असं होत नाही. तरी लस राहिलेली आहे आणि मी मूल समोर बघितलेलं नाही, म्हणून आज-उद्या तुमच्या डॉक्टरांना दाखव. जायच्या आधी फोन करून "पुरळ आहे" एवढं सांग म्हणजे ते तुम्हाला गर्दीत बसवणार नाहीत.

कांजिण्या नाहीत हे नक्की होईपर्यंत एक पथ्य कडक पाळ, तापाला किंवा दुखण्याला आयब्युप्रोफेन देऊ नकोस. कांजिण्यांत त्या औषधाचा संबंध त्वचेच्या खोल, गंभीर इन्फेक्शनशी आढळलाय. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना अजिबातच नाही, त्याने लिव्हर आणि मेंदूला इजा करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं, एका वेळेला किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 13 किलोला 195 मिलिग्रॅम, दोन डोसांत कमीत कमी 4 तास, शक्यतो 6, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण बाटलीवर 5 मिलीमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते आधी वाच, 120 वाली बाटली वेगळी आणि 250 वाली वेगळी, 250 वालीतून तिला 4 मिलीच्या किंचित खाली बसतं आणि 120 वालीतून 8 मिली. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर डोस दुप्पट नाहीतर निम्मा होतो, हे मी खूप वेळा बघितलंय. तोंड दुखतंय म्हणून जेवायच्या अर्धा तास आधी हे औषध दिलंस तर चार घास जास्त जातात, ताप नसला तरी दुखण्यासाठी देता येतं.

हँड फूट माउथमध्ये घरची खरी लढाई पाण्याची असते. मूल पीत नाही, आणि एका दिवसात सुकतं. थंड दूध, थंड पाणी, छोटे छोटे घोट, पेल्यातून जात नसेल तर चमच्याने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आत. आंबट, खारट, तिखट, गरम काही नको. जेवण दोन दिवस कमी गेलं तर चालेल, मी त्याची काळजी करत नाही, पण शू मोज. 8 तासांत शू झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ओठ-जीभ कोरडी, तर उशीर न करता दवाखाना गाठ.

आणि ज्या खुणा बघून मी मध्यरात्री पण फोन उचलते त्या सांगते. झोपेत किंवा झोप लागताना एकदम दचकल्यासारखे हातपाय उडतायत आणि हे परत परत होतंय, चालताना झोकांड्या जातायत, सारखी उलटी होतेय, विनाकारण सुस्त पडलीय, किंवा 102 च्या वरचा ताप तीन दिवस चाललाय. हँड फूट माउथ करणाऱ्यांपैकी एंटेरोव्हायरस 71 नावाचा एक क्वचित मेंदूपर्यंत जातो आणि त्याची पहिली खूण अनेकदा हे दचकणंच असतं. मूल एखाद्या वेळी दचकतं ते वेगळं, पण अर्ध्या तासात चार-पाच वेळा दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि लगेच निघ, डॉक्टरसमोर ते होईलच असं नाही. कांजिण्या निघाल्या तर वेगळं लक्ष ठेवायचं, ताप चौथ्या दिवसानंतर राहिला किंवा जाऊन परत आला, एखाद्या फोडाभोवतीची कातडी लाल, गरम, कडक होऊन पसरतेय, श्वास जोरात चाललाय, चालण्याचा तोल गेलाय. आणि कुठल्याही पुरळात, काचेचा पारदर्शक ग्लास डागावर दाबला आणि डाग पुसट झाला नाही, तर नाव ओळखत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आता बाळाचं. खरं सांगायचं तर हँड फूट माउथ असेल तर त्याला थांबवणं अवघड आहे, बहुतेक तोवर लागण होऊन गेलेली असते, पण व्हायरस जितका कमी जाईल तितकं बरं. हा व्हायरस लाळेतून, फोडाच्या पाण्यातून आणि शी मधून पसरतो, आणि शी मधून तर बरं वाटल्यावरही कित्येक आठवडे जात राहतो, म्हणून तिची शी धुतल्यावर साबणाने आणि पाण्याने हात, बोटांच्या मधून, नीट चोळून. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नकोस, या जातीच्या व्हायरसवर ते कमी पडतं. चमचे, पेले, तोंडात जाणारी खेळणी वेगळी. बाळाला ताप आला आणि ते दूध सोडायला लागलं तर वाट न बघता दाखव, एवढ्या लहान बाळाला सुकायला वेळ लागत नाही.

कांजिण्या ठरल्या तर घरात किंवा येण्या-जाण्यात कोणी गरोदर बाई असेल जिला लहानपणी कांजिण्या झाल्याचं आठवत नाही, तिला त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करायला सांग. आणि समजा माझा हिशोब चुकला आणि डॉक्टरांना गोवर वाटलाच, तर बाळाबद्दल त्याच भेटीत विचार, कारण 6 महिन्यांच्या वरच्या बाळाला संपर्कापासून 72 तासांच्या आत गोवराची लस दिली तर आजार टळू शकतो किंवा हलका होतो. तो डोस जास्तीचा धरतात, नेहमीचे डोस नंतर ठरल्या वेळी द्यावेच लागतात. तुझ्या लेकीला तेव्हा व्हिटॅमिन ए पण द्यावं लागेल, सलग दोन दिवस, वर्षाच्या वरच्या मुलाला दर दिवशी 2 लाख युनिट, पण ते डॉक्टरांच्या हातून, आपल्या मनाने नाही.

प्लेग्रुपमध्ये कधी पाठवू हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. हँड फूट माउथ असेल तर ताप नाही, लाळ गळायची थांबली, फोड सुकले की पाठव, शी मधला व्हायरस संपायची वाट बघितली तर महिना जाईल. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी, साधारण आठवडा. गोवरात पुरळ आल्यापासून पूर्ण 4 दिवस.

आणि एक, आत्ताच सांगून ठेवते म्हणजे महिन्याभराने घाबरून मेसेज करणार नाहीस. ए6 वाला हँड फूट माउथ झाला असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत तळहात-तळपायाची कातडी सोलवटेल, आणि 3 ते 8 आठवड्यांनी एक-दोन नखं मुळापासून सुटून पडू शकतात, कधी चार-पाच पण. दुखत नाही, कुठली बुरशी नाही, कॅल्शियम कमी झालं असंही नाही. सुटलेलं नख ओढू नकोस, मोज्यात नाहीतर कपड्यात अडकत असेल तर तेवढी कड कापून टाक. खाली नवीन नख आधीच यायला लागलेलं असतं, नीट बघितलंस तर त्याची पांढरी कड दिसेल.